डिफमध्ये जे दिसत नाही, ते डिस्क्रिप्शनमध्ये

प्रश्न: मी दीड वर्षापासून बॅकएंडवर काम करतोय. माझ्या पुल रिक्वेस्ट दोन-दोन दिवस पडून राहतात. मग कुणीतरी नावं आणि स्पेसिंगवर चार कमेंट टाकतं किंवा काहीच न विचारता अप्रूव्ह करतं. आमच्याकडे टेम्पलेट आहे, मी ते भरतो, तरी लीड म्हणतात की डिस्क्रिप्शन वाचून काही कळत नाही. नेमकं काय लिहायचं? एखादं खरं उदाहरण द्याल का?

उत्तर:

रिव्ह्यूअर नावं आणि स्पेसिंगवर बोलतो, कारण डिफमध्ये त्याला तेवढंच दिसतं. कोणती ओळ काढली आणि कोणती घातली हे डिफ सांगतं. ती का बदलावी लागली, बदल बरोबर आहे हे कशावरून ठरवलं आणि चौदा फाइलींपैकी कोणत्या चार ओळींवर थांबायचं, हे तुमच्या डोक्यात असतं. डिस्क्रिप्शनमध्ये ते उतरलं नाही तर रिव्ह्यूअर समोर दिसतं त्यावरच मत देणार. एक उदाहरण घेऊन सगळं सांगते, कारण हे मी एका चुकीतून शिकले आणि ती चूक लोकांच्या पैशांपर्यंत पोचली होती.

तेव्हा मी दूध संकलन केंद्रांच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. उत्पादकांचं बिल दर दहा दिवसांनी निघायचं: 1 ते 10, 11 ते 20 आणि 21 पासून महिनाअखेर. तक्रार अशी होती की काही उत्पादकांच्या पावत्यांची बेरीज बिलाशी जुळत नाही. शोधल्यावर कळलं की सर्व्हरवरचा पोस्टग्रेस यूटीसी वेळेवर चालतो आणि बिलाची क्वेरी नोंदीच्या वेळेवरून थेट तारीख काढते. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे पहाटे साडेपाचच्या आत काट्यावर आलेलं दूध आदल्या दिवसाच्या खात्यात जायचं. काटा बंद असताना केंद्राचे सचिव हाताने भरायचे त्या नोंदींवर वेळ रात्री 12 ची पडायची, म्हणून त्या तर सगळ्याच एक दिवस मागे जायच्या. एरवी हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण आजचं दूध कालच्यात गेलं तरी दहा दिवसांच्या बेरजेत ते येतंच. फरक पडायचा तो 1, 11 आणि 21 तारखेला. त्यातही 11 पासून दरपत्रक बदललं असेल तर त्या पहाटेच्या दुधाला जुना दर लागायचा.

दुरुस्ती दोन ओळींची होती:

```sql
-- आधी
WHERE collected_at::date BETWEEN $1 AND $2

-- आता
WHERE collected_at >= $1::timestamp AT TIME ZONE 'Asia/Kolkata'
  AND collected_at <  ($2::date + 1)::timestamp AT TIME ZONE 'Asia/Kolkata'
```

त्याच पुल रिक्वेस्टमध्ये मी एका फंक्शनचं नावही बदललं, कारण जुनं नाव खटकत होतं. ते नाव अकरा फाइलींत होतं. शीर्षक दिलं "बिलिंगमधला डेट इश्यू फिक्स" आणि डिस्क्रिप्शनमध्ये तिकिटाचा नंबर टाकला. सहकाऱ्याने अकरा फाइली चाळल्या, नव्या नावावर एक सूचना केली आणि अप्रूव्ह केलं. बदल 12 तारखेला लाइव्ह गेला.

21 तारखेला बिलं निघाली तेव्हा 11 च्या पहाटेचं दूध दुसऱ्यांदा मोजलं गेलं. 1 ते 10 चं बिल जुन्या कोडने निघालं होतं, म्हणजे ते 11 च्या पहाटे साडेपाचपर्यंत पसरलेलं होतं. 11 ते 20 चं बिल नव्या कोडने निघालं आणि ते 11 च्या रात्री 12 पासून सुरू झालं. मधले साडेपाच तास दोन्ही बिलांत आले. एका सचिवांनी रजिस्टर आणि बिल शेजारी ठेवून ताळा केला म्हणून ते उघड झालं, आणि मग पुढच्या बिलातून वजावट करावी लागली. ज्यांच्या बिलातून रक्कम कापली गेली त्यांना ते समजावून सांगणं सचिवांच्या वाट्याला आलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

डिफमधली एकही ओळ चुकीची नव्हती, हे नीट लक्षात घ्या. चूक जुन्या आणि नव्या कोडच्या सांध्यावर होती आणि सांधा डिफमध्ये दिसत नसतो. माझ्या सहकाऱ्याला बिलाचं वेळापत्रक माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. "आधी दिवस यूटीसीने मोजत होतो, आता भारतीय वेळेने मोजणार" एवढं एक वाक्य मी लिहिलं असतं तर त्याने लगेच विचारलं असतं, "मग 11 तारखेचं काय?"

तोच बदल आज करायचा झाला तर मी डिस्क्रिप्शन असं लिहीन. टीममध्ये आम्ही ते इंग्रजीत लिहितो, इथे मराठीत मांडते:

> बिलाच्या कालावधीत दिवसाची हद्द यूटीसीऐवजी भारतीय वेळेने धरणे
>
> बिलाची बेरीज करताना दिवस आता रात्री 12 ते रात्री 12 असा भारतीय वेळेने मोजला जाईल. आतापर्यंत तो पहाटे 5:30 ते पहाटे 5:30 असा मोजला जात होता, कारण सर्व्हरचा सेशन टाइमझोन यूटीसी आहे. त्यामुळे 1, 11 आणि 21 तारखेला पहाटे 5:30 च्या आतलं दूध आणि हाताने भरलेल्या सर्व नोंदी आधीच्या बिलात जात होत्या. दर बदलला असेल तर त्यांना जुना दर लागत होता.
>
> सर्व्हरचा टाइमझोनच बदलावा असाही विचार केला. पण त्याच डेटाबेसवरचे इतर रिपोर्ट यूटीसी गृहीत धरतात, म्हणून बदल या क्वेरीपुरताच ठेवला.
>
> कुठे पाहावे: आधी `tests/test_period_edges.py`, मग `billing/period_totals.sql`. दुसऱ्या ओळीतली `<` मुद्दाम आहे. तिथे `<=` झालं तर हाताने भरलेल्या 00:00 च्या नोंदी दोन बिलांत येतील. `billing/cutover.py` वर सर्वात जास्त शंका घ्या, खाली कारण दिलं आहे. पहिल्या कमिटमध्ये फक्त `get_total` चं `period_total` केलं आहे, ती नुसती चाळली तरी चालेल.
>
> तपासणी: 10 च्या 23:59, 11 च्या 00:00, 05:29 आणि 05:30 अशा चार नोंदींवर चाचण्या आहेत. जुन्या क्वेरीवर यातल्या मधल्या दोन फेल होतात, नव्यावर चारही पास होतात. एका केंद्राच्या मागच्या महिन्याच्या डेटावर दोन्ही क्वेरी चालवून फरक काढला. फरक आलेल्या सर्व नोंदी कालावधीच्या हद्दीवरच्या आणि 5:30 च्या आतल्या आहेत. छापील बिल तपासलेलं नाही.
>
> लाइव्ह करताना: शेवटचं बिल जुन्या कोडने निघालेलं असेल तर नव्या बिलाच्या पहिल्या दिवसाचे 00:00 ते 05:30 दोनदा मोजले जातील. म्हणून `cutover.py` फक्त पहिल्या बिलाची सुरुवात 05:30 ला धरतं. ही तारीख बरोबर आहे का, हे बिलाचं वेळापत्रक माहीत असलेल्या कुणीतरी पाहावं.
>
> यात नाही: आधी निघालेल्या बिलांची दुरुस्ती. त्याचं तिकीट वेगळं आहे.

वाचायला दोन मिनिटं लागतात, लिहायला मला वीसेक लागतात. आता यातली एकेक गोष्ट उलगडते.

शीर्षक आणि पहिल्या परिच्छेदात फाइलीचं नाव नाही, फंक्शनचं नाव नाही. "क्वेरीत `AT TIME ZONE` टाकलं" हे डिफ सांगतंच. मी लिहिते ते वागणुकीतला बदल: आधी काय व्हायचं, आता काय होईल आणि कुणाला ते दिसेल. "आधी" आणि "आता" असे दोन शब्द समोर ठेवून लिहिलं की वाक्य आपोआप सरळ येतं. लिहिताना अडखळायला झालं तर बहुतेक वेळा एकाच पुल रिक्वेस्टमध्ये दोन वेगळे बदल शिरलेले असतात. माझ्या मूळ पुल रिक्वेस्टमध्ये तसंच होतं.

"का" लिहिताना लोक तिकिटाचा नंबर टाकून मोकळे होतात. नंबर जरूर द्या. गिटहबवर `Fixes #482` असं लिहिलं तर डीफॉल्ट ब्रँचमध्ये मर्ज झाल्यावर तो इश्यू बंदही होतो. पण कारण दोन वाक्यांत तिथेच लिहा. तिकिटात ग्राहकाची तक्रार असते, "बिल जुळत नाही" एवढीच. मूळ कारण तुम्ही शोधलेलं असतं आणि ते तिकिटात सहसा कुणी परत जाऊन लिहीत नाही. शिवाय तिकिटांची प्रणाली कंपनी कधीही बदलते आणि जुने दुवे मरतात. स्क्वॉश मर्ज करताना डिस्क्रिप्शन कमिट मेसेजमध्ये घेण्याची सेटिंग लावलेली असेल तर तेच शब्द `git log` मध्ये कायमचे राहतात. तीन वर्षांनी कुणीतरी त्या `<` वर `git blame` चालवेल, तेव्हा त्याला तिथे उत्तर सापडलं पाहिजे.

न निवडलेल्या पर्यायाबद्दल एक वाक्य लिहिण्यामागे माझा अनुभव आहे. सर्व्हरचा टाइमझोन का बदलला नाही, हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येणार हे मला माहीत असतं. तो आधीच मिटवला नाही तर कमेंटमध्ये दिवसभर चर्चा चालते आणि खरी क्वेरी कुणी वाचत नाही. सगळे पर्याय मात्र मांडत बसू नका. जो प्रश्न नक्की येणार, तेवढाच घ्या.

"कुठे पाहावे" हा भाग बहुतेकांच्या टेम्पलेटमध्येच नसतो, आणि माझ्या मते रिव्ह्यूचा दर्जा सर्वात जास्त यानेच सुधारतो. गिटहब फाइली नावाच्या क्रमाने दाखवतं, समजण्याच्या क्रमाने नाही. रिव्ह्यूअर वरून वाचायला लागतो आणि सहाव्या फाइलीपर्यंत त्याचं लक्ष संपलेलं असतं. म्हणून वाचायचा क्रम तुम्ही द्या. मी बहुधा टेस्ट आधी ठेवते, कारण काय घडायला हवं हे तिथून कळतं आणि मग क्वेरी वाचताना मनात काहीतरी ताडून पाहायला असतं. काय नुसतं चाळलं तरी चालेल हेही सांगा. पण ते सांगण्याआधी तो भाग खरोखर वेगळ्या कमिटमध्ये ठेवा. नाव बदलणं आणि वागणूक बदलणं एकाच कमिटमध्ये मिसळून "चाळा" म्हणणं धोक्याचं असतं, कारण रिव्ह्यूअर तुमच्या शब्दावर विसंबतो. नावबदल वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये गेला तर सर्वात उत्तम. नुसतं इंडेंटेशन बदललं असेल तर फाइल्सच्या पानाच्या पत्त्यापुढे `?w=1` लावायला सांगा, म्हणजे स्पेसचे फरक लपतात.

आणि तुम्हाला स्वतःला जिथे खात्री नाही, ती जागा उघड सांगा. नवीन लोकांना हे जड जातं. आपल्याला येत नाही असं वाटेल अशी त्यांना भीती असते. माझ्या अनुभवात उलट होतं. "`cutover.py` वर शंका घ्या" असं लिहिलं की ज्याला वेळापत्रक माहीत आहे तो माणूस नेमका तिथे येतो. नेमकं काय तपासून हवं आहे आणि कोणती माहिती असलेल्या माणसाकडून, हेही लिहा. "कृपया सगळं बघा" या विनंतीवर कुणीच काही बघत नाही.

आता तपासणी. "सगळ्या टेस्ट पास" लिहून काही कळत नाही, ते सीआयच्या हिरव्या खुणेवरून दिसतंच. रिव्ह्यूअरला तीन गोष्टी हव्या असतात: कोणते इनपुट घेतले, जुन्या कोडवर काय आलं आणि नव्यावर काय आलं. यातली मधली गोष्ट सर्वात जास्त वेळा राहून जाते. जी टेस्ट जुन्या कोडवरही पास होते, ती तुमच्या दुरुस्तीबद्दल काहीच सांगत नाही. ते पाहायला फार वेळ लागत नाही:

```
git checkout main -- billing/period_totals.sql
PGTZ=UTC pytest tests/test_period_edges.py
git checkout HEAD -- billing/period_totals.sql
```

पहिली ओळ जुनी क्वेरी आणते, दुसरी टेस्ट चालवते, तिसरी तुमची क्वेरी परत ठेवते. मधल्या ओळीतल्या `PGTZ=UTC` वर लक्ष द्या. पोस्टग्रेस इन्स्टॉल होताना टाइमझोनचं डीफॉल्ट मशीनवरून उचलतो, म्हणून आपल्या लॅपटॉपवर तो बहुधा भारतीय वेळेवर असतो. तिथे हा बग दिसतच नाही आणि जुन्या कोडवरही चारही टेस्ट पास होतात. रिव्ह्यूअरने ब्रँच उतरवून पाहिली आणि त्याला काहीच बिघडलेलं दिसलं नाही, तर तो म्हणेल की दुरुस्तीच नको. म्हणून बग दिसण्यासाठी जी परिस्थिती लागते, ती डिस्क्रिप्शनमध्ये लिहायलाच हवी. मी तर ही दोन ओळींची क्वेरी सोबत देते, म्हणजे ब्रँचही उतरवावी लागत नाही:

```sql
SET TIME ZONE 'UTC';
SELECT '2024-01-11 05:12+05:30'::timestamptz::date;  -- 2024-01-10
```

11 तारखेच्या पहाटे 5:12 ची नोंद, आणि उत्तर 10 तारीख. हे पाहिल्यावर "का" वेगळं पटवून द्यावं लागत नाही. यूआयचा बदल असेल तर आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट हेच काम करतो.

काय तपासलं नाही तेही लिहा. "छापील बिल तपासलेलं नाही" अशाच चार शब्दांमुळे दुसऱ्या एका बदलाच्या वेळी एका सहकाऱ्याने स्वतःहून बिल छापून पाहिलं आणि तिथे कालावधी वेगळ्याच ठिकाणाहून येत असल्याचं सापडलं. मी गप्प राहिले असते तर ते तपासलंच असेल असं सगळ्यांनी धरलं असतं.

"लाइव्ह करताना" हा भाग प्रत्येक पुल रिक्वेस्टला लागत नाही. पण साठवलेला डेटा, पैसे, तारखा किंवा दुसरी सेवा वाचत असलेला फॉरमॅट यातलं काही बदलत असेल तर स्वतःला एक प्रश्न विचारा: जुन्या कोडने अर्धं केलेलं काम नव्या कोडच्या हाती आलं तर काय होईल? उत्तर "काही नाही" असेल तर तसं एका वाक्यात लिहा. परत फिरवायची वेळ आली तर नुसतं रिव्हर्ट पुरेल का, हेही तिथेच येतं. आमच्या उदाहरणात पुरत नव्हतं. नव्या कोडने एक बिल निघाल्यावर रिव्हर्ट केलं असतं तर हद्दीवरची पहाट कोणत्याच बिलात आली नसती.

तुमच्या टेम्पलेटबद्दल: ते गिटहबवर `.github/pull_request_template.md` मध्ये असतं आणि त्यातले मथळे आठवण देण्यापुरते असतात. जो मथळा लागू नाही तो काढून टाका. "स्क्रीनशॉट: लागू नाही, मायग्रेशन: लागू नाही" अशा पाच ओळी वाचल्यावर सहावी महत्त्वाची ओळही डोळ्यांखालून निसटते. बहुधा तुमच्या लीडना हेच खटकत असावं. आणि कमेंटमधलं स्पेलिंग सुधारलं असेल तर एक ओळ पुरते, तिथे मथळे नकोत.

लिहायची वेळही सांगते. काम संपलं की पुल रिक्वेस्ट ड्राफ्ट म्हणून उघडा आणि फाइल्सच्या पानावर स्वतःचाच डिफ एकदा वरपासून खालपर्यंत वाचा. एडिटरमध्ये न दिसलेल्या गोष्टी तिथे दिसतात, एखादी विसरलेली प्रिंटची ओळही सापडते. जिथे "हे असं का केलं बरं" असं वाटून तुम्ही स्वतः थांबता, तिथेच रिव्ह्यूअर थांबणार आहे. ती ओळ "कुठे पाहावे" मध्ये घ्या. मग पुल रिक्वेस्ट ड्राफ्टमधून बाहेर काढा.

शेवटचं, कारण हे माझ्याकडूनही सुटतं: रिव्ह्यूमध्ये काही बदललं तर डिस्क्रिप्शनही बदला. समजा चर्चेनंतर `cutover.py` काढून ती तारीख सेटिंगमध्ये नेली आणि वर मात्र अजून "`cutover.py` वर शंका घ्या" असंच लिहिलेलं आहे. मग दुसरा रिव्ह्यूअर नसलेली फाइल शोधत बसतो आणि स्क्वॉश केल्यावर तेच चुकीचं वाक्य इतिहासात जातं. मर्जचं बटण दाबण्याआधी मी डिस्क्रिप्शन शेवटच्या डिफशेजारी ठेवून पुन्हा वाचते.